सर, मला येतंय!

प्रश्न फळ्यावर लिहून होण्याआधीच शेवटच्या बाकावरून हात वर येतो आणि हाताच्या आधी आवाज पोचतो, "सर, मला येतंय!" तेरणा नदीकाठच्या एका गावात मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. ही आरोळी मी इतक्यांदा ऐकली आहे, की तिच्यात एक व्याकरणाचा प्रश्न दडलेला आहे हे लक्षात यायला अर्धी नोकरी गेली.

झालं असं, की एका वर्षी मी वर्गात नियम केला. इंग्रजीच्या तासाला उत्तर येत असेल तर तेही इंग्रजीतच सांगायचं. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावरून, त्याच उत्साहानं आवाज आला, "सर, आय ॲम नोइंग द आन्सर!"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही आहे, हे मुळात कुणाला जाणवलंच नाही. मी म्हणालो, "आय नो द आन्सर म्हण." तो म्हणाला, "का सर? आत्ताच येतंय की!"

त्याचा मुद्दा बरोबर होता. आत्ता चाललेली गोष्ट म्हणजे चालू वर्तमानकाळ, आणि चालू वर्तमानकाळ म्हणजे 'ॲम, इज, आर' आणि पुढं 'आयएनजी', हे मीच शिकवलं होतं. मग मी सगळे शिक्षक देतात ते उत्तर दिलं. काही क्रियापदांना आयएनजी चालत नाही, त्यांची यादी आहे, ती पाठ कर. नो, बिलीव्ह, लाइक, लव्ह, वॉन्ट, हॅव, सी, हिअर, थिंक, वे, टेस्ट. पोरानं यादी पाठ केली. आठवड्यानं तो पुस्तक घेऊन आला. त्यात एक बाई 'हॅविंग लंच' होत्या आणि एक डॉक्टर 'सीइंग अ पेशंट'. "सर, ह्यांना यादी लागू न्हाई का?"

यादीचं हेच दुखणं आहे. तिच्यातली निम्मी क्रियापदं कधी आयएनजी घेतात, कधी नाकारतात, आणि कधी काय हे यादीत लिहिलेलं नसतं. नाकारतो तो शब्द नव्हे, त्या वाक्यातला अर्थ नाकारतो. या विषयावरचा गाजलेला निबंध 1957 साली झेनो वेंडलर या तत्त्वज्ञानं लिहिला. गंमत अशी, की त्याचं पहिलंच उदाहरण जवळपास आमच्या पोराचं वाक्य आहे. 'तू काय करतो आहेस?' या प्रश्नाला 'धावतोय', 'लिहितोय' ही उत्तरं इंग्रजीत देता येतात, 'आय ॲम नोइंग' हे देता येत नाही, असं तो म्हणतो. वेंडलर जन्मानं हंगेरियन होता. इंग्रजी त्याच्याही घरची भाषा नव्हती. परक्याला खडा लवकर लागतो.

वेंडलरचं म्हणणं साध्या भाषेत असं: लिहिणं ही घडणारी गोष्ट आहे. ती सुरू होते, पुढं सरकते, मध्येच थांबवता येते. उत्तर माहीत असणं ही गोष्ट घडत नाही, ती असते. सकाळी दहाला असते, सव्वादहाला तशीच असते, पोरगं झोपलं तरी असते. तिला पुढं सरकायला जागाच नाही. इंग्रजीतलं आयएनजी हे पुढं सरकणाऱ्या गोष्टीचं चिन्ह आहे. जी सरकत नाही तिला ते लावलं, की इंग्रजी कानाला ठेच लागते.

एवढं कळलं तरी वर्गातला प्रश्न सुटला नव्हता. 'घडतं' आणि 'असतं' यांतला फरक नववीतल्या मुलाला कसा दाखवायचा? शिवाय आमच्या पोरांनाच ही चूक इतकी स्वाभाविक का वाटावी?

पहिला सापळा मला फळ्यावरच सापडला. मी दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली होती. 'मी उत्तर लिहीत आहे.' 'मला उत्तर माहीत आहे.' लिहीत, माहीत. दोन्हींच्या शेवटी ईत, दोन्हींच्या पुढं आहे. लिहीत आहे म्हणजे 'ॲम रायटिंग', मग माहीत आहे म्हणजे 'ॲम नोइंग'. पोरानं चूक केलीच नव्हती, त्यानं त्रैराशिक मांडलं होतं! फक्त एक धातू होता आणि दुसरा नव्हता. 'लिहीत'मागं 'लिहिणे' आहे. मी लिहितो, तू लिहितोस. 'माहीत'मागं काय आहे? मी माहतो, तू माहतोस? हे वर्गात म्हणून बघा. पोरं बाकावर पालथी पडतात, आणि हसता हसता त्यांना कळतं, की इथला 'आहे' वेगळा आहे. 'लिहीत आहे'मधला 'आहे' लिहिण्याला मदत करतो. 'माहीत आहे'मधला 'आहे' स्वतःच क्रियापद आहे, जसा 'शेळी काळी आहे'मधला.

माझे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. 'माहीत'ऐवजी त्यांच्या तोंडी कायम 'मालूम' असायचं, आणि आमच्या वर्गातली दखनी बोलणारी मुलं आजही 'मेरेकू मालूम है' म्हणतात. 'मालूम' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी 'ज्ञात' असा आहे, ठाऊक असलेलं. म्हणजे 'मालूम है' यात जाणण्याची क्रिया चाललेली नाही, उत्तर ज्ञात आहे एवढीच नोंद आहे. तीच गोष्ट ठाऊक, मान्य, पसंत, हवं आणि पाहिजे यांची. 'मला पुस्तक पाहिजे आहे'वरून 'आय ॲम वॉन्टिंग अ बुक' तयार होतं ते याच वाटेनं. 'पाहिजतो' म्हणता येत नाही, म्हणून 'वॉन्टिंग'ही नको, एवढं पोरांना पुरतं.

पण शेवटच्या बाकावरचं पोरगं 'माहीत आहे' म्हणालंच नव्हतं. ते म्हणालं होतं, 'येतंय'. आणि 'येतंय'ला धातू आहे. येणे. माझी माहतो-कसोटी इथं लंगडी पडली.

याचं उत्तर मला शाळेत मिळालं नाही, घरी मिळालं. मी मूळचा याच जिल्ह्यातला, पण शिक्षण सोलापूर-पुण्याकडं झालं आणि बोली मागं पडली. एकदा आई फोनवर मावशीशी बोलत होती. "काय करायलीस? मी भाकरी करायलेय. ह्यो बसलाय हितंच, पेपर तपासायलाय." आणि पुढच्याच दमात, "रोज रात्री उशिरापर्यंत तपासतोय, ऐकत न्हाई."

तपासायलाय. तपासतोय. मी लाल पेन खाली ठेवला.

ज्यांना मराठवाडी कानावर नाही त्यांच्यासाठी सांगतो. धाराशिव, लातूर, नांदेड, बीडकडे आत्ता चाललेल्या कामाला आम्ही 'करायलोय' म्हणतो. काय करायलास? जेवायलोय. पाऊस पडायलाय. पोरगी लिहायलीय. पुण्याच्या माणसाला ते 'करायला लागलास'चं अर्धवट तुटलेलं रूप वाटतं आणि तो विचारतो, "कधीपासून करायला लागलास?" तसं ते नाही. ते आमचं अपूर्ण वर्तमानाचं स्वतंत्र रूप आहे. आणि ते असल्यामुळं 'करतोय', 'येतंय', 'असतंय' ही रूपं मोकळी राहिली, ती आम्ही नेहमीच्या, कायमच्या गोष्टींना वापरतो. 'त्यो रोज येतोय.' 'उन्हाळ्यात असंच असतंय.' प्रमाण मराठीत जिथं 'येतो', 'असतं' येईल तिथं आमच्याकडे 'येतोय', 'असतंय' येतं.

आता वर्गात काय होतं ते बघा. मार्गदर्शक पुस्तकात छापलेलं असतं: करतोय, करत आहे म्हणजे 'ॲम डूइंग'. हे पुस्तक ज्या मराठीवर बेतलेलं आहे तिच्यात 'येतोय' म्हणजे आत्ता वाटेवर आहे. आमचं पोरगं घरून जो 'येतोय' घेऊन येतं त्याचा अर्थ 'येत असतो' असा आहे. ते पुस्तकाप्रमाणं इमानदारीत भाषांतर करतं आणि 'ही इज कमिंग डेली' लिहितं. 'मला येतंय'चं 'आय ॲम नोइंग' होतं. त्याच्या मनात काळ अगदी बरोबर आहे. 'येतंय' म्हणताना त्याला 'मला हे येतं, माझ्याजवळ आहे' असंच म्हणायचं असतं. चूक होते ती दोन मराठींच्या मधल्या उंबऱ्यावर, इंग्रजीपर्यंत ती फक्त पोचते. आणि आम्ही मास्तर लोक तिथं दुहेरी लाल रेघ मारतो. एक इंग्रजीसाठी, आणि पोरगं 'करायलास' बोललं तर एक मराठीसाठी. खरं तर ज्या रूपाला आम्ही अशुद्ध म्हणून खोडत होतो तेच रूप इंग्रजीच्या आयएनजीच्या सगळ्यांत जवळचं निघालं.

तेव्हापासून मी कसोटी बदलली. इंग्रजी वाक्यात आयएनजी लावायचं की नाही अशी शंका आली, तर ते वाक्य आधी घरच्या बोलीत म्हण. ते आपोआप 'करायलाय'च्या घरात गेलं तर आयएनजी लाव. 'करतोय', 'असतंय' किंवा 'हाय'च्या घरात राहिलं तर लावू नको. वाक्य घोकायचं नाही, आईशी बोलल्यासारखं म्हणायचं.

एका वहीवर ही कसोटी कशी चालली ते सांगतो. नववीतल्या एका मुलीनं 'माय गोट' या विषयावर निबंध लिहिला होता. उस्मानाबादी शेळीच्या जिल्ह्यात हा विषय दर वर्षी कुणी ना कुणी लिहितंच. तिची सहा वाक्यं अशी होती. 'वी आर हॅविंग सिक्स गोट्स.' 'धिस गोट इज वेइंग थर्टी किलोज.' 'माय फादर इज वेइंग हर नाऊ.' 'शी इज ईटिंग ग्रीन लीव्हज डेली.' 'आय ॲम थिंकिंग शी इज प्रेग्नंट.' 'माय ब्रदर इज लिव्हिंग इन लातूर फॉर ट्यूशन.'

पूर्वी मी चार ठिकाणी लाल गोल केले असते आणि दोन का सोडले हे तिला कधीच कळलं नसतं. या वेळी वही परत दिली आणि म्हणालो, "आईला सांगतेस तसं सांग."

पहिलं ती म्हणाली, "आमच्याकडं सहा शेळ्या हायत." 'हायत'. 'असायल्यात' असं तिच्या तोंडून येणं शक्यच नव्हतं. म्हणजे 'वी हॅव'. मी तिला हेही सांगितलं, की इंग्रजीत 'हॅविंग' येतं ते बहुधा खाण्यापिण्याशी, आंघोळीशी, गप्पांशी. त्या सगळ्या घडणाऱ्या गोष्टी. आपण चहा 'पियायलो' असलो तर 'हॅविंग टी' अगदी ठीक. पण 'वी आर हॅविंग गोट' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला चुलीवर मटण दिसेल. तिनं घाईघाईनं ते खोडलं.

दुसरं, "ही शेळी तीस किलो भरतीय." तिसरं, "अण्णा तिचं वजन करायलेत." इथं ती स्वतःच थांबली. एकच इंग्रजी क्रियापद, 'वे', आणि तिच्या तोंडून दोन वेगळी मराठी क्रियापदं दोन वेगळ्या घरांतून आली होती. धाराशिवच्या मार्केट यार्डात सोयाबीनच्या दिवसांत ही जोडी दिवसभर ऐकू येते. शेतकरी विचारतो, 'पोतं किती भरतंय?' आणि हमाल पोती तोलायलेला असतो. भरणं हा पोत्याचा गुण आहे. हमाल जेवायला गेला तरी पोतं तेवढंच भरतं. तोलणं हे हमालाचं काम आहे, तो जेवायला गेला की ते थांबतं. म्हणून शेळी 'वेज थर्टी किलोज', आणि अण्णा 'आर वेइंग' नव्हे हं, 'इज वेइंग'. इंग्रजीत अण्णांना आदरार्थी अनेकवचन मिळत नाही. हे पोरांना दर वर्षी खुपतं, मलाही खुपतं.

चौथं, "रोज पाला खातीय." रोजचं ते 'खातीय', आत्ताचं ते 'खायलीय'. तर 'शी ईट्स'. पाचवं, "गाभण हाय असं वाटतंय." हे मत आहे. 'विचार करायलेय' असं ती म्हणाली नाही, म्हणून 'आय थिंक'. अण्णा शेळी विकायची की ठेवायची याचा विचार करायलेत असं लिहायचं असतं, तर मात्र 'ही इज थिंकिंग' बरोबर झालं असतं.

सहावं मला फार आवडलं. "दादा लातूरला राहायलाय." आमच्या जिल्ह्यातली किती तरी पोरं दहावीनंतर शिकवणीसाठी लातूरला खोली करून असतात. घर गावीच, राहणं तात्पुरतं. त्याला आम्ही 'राहायलाय' म्हणतो. काका कायमचे तेरला राहतात, त्यांना 'राहतेत' म्हणतो. आता राहणं ही काही धावण्यासारखी घडणारी क्रिया नव्हे. दादा झोपला तरी तो लातूरलाच राहतो. काटेकोर पाहिलं तर आयएनजी नको. पण इंग्रजी तात्पुरत्या स्थितीलाही आयएनजी लावते आणि आमची बोलीही लावते. 'इज लिव्हिंग इन लातूर' तिचं पहिल्यापासून बरोबर होतं, आणि का बरोबर हे तिला व्याकरणाचा एकही शब्द न वापरता सांगता आलं. 'लवकरच परत येणार हाय की, सर.'

सहातली चार वाक्यं तिनं स्वतः दुरुस्त केली. मी फक्त ऐकत होतो.

पण कसोटी आहे म्हणजे ती गळतेही, आणि कुठं गळते हे शिक्षकाला ठाऊक असायला हवं. आमच्याकडे फोनवर रेंज नसली की माणूस ओरडतो, "ऐकू यायलंय का?" यायलंय! म्हणजे कसोटीप्रमाणं 'आर यू हिअरिंग मी?' हे अनेक जण म्हणतातही. इंग्रज माणूस म्हणेल, 'कॅन यू हिअर मी?' तसंच नवा चष्मा लावल्यावर म्हातारी म्हणते, "आता नीट दिसायलंय." इंग्रजीत 'आय कॅन सी'. आभाळ भरून आलं की, "पाऊस येईल असं वाटायलंय." इंग्रजीत 'आय थिंक इट विल रेन'.

या गळतीत एक सूत्र आहे. तिन्ही वाक्यांत कर्ता 'मी' नाही, 'मला' आहे. मला दिसतं, मला ऐकू येतं, मला वाटतं, मला आवडतं, मला आठवतं, मला समजतं. या गोष्टी मी करत नाही, त्या मला होतात. इंग्रजीत नेमकी हीच क्रियापदं बहुतेक वेळा आयएनजी नाकारतात. सी, हिअर, थिंक, लाइक, रिमेंबर, अंडरस्टँड. म्हणून मी कसोटीला जोड दिली. वाक्य 'यायलंय'च्या घरात गेलं, पण सुरुवातीला 'मला' असलं, तर थबक. 'मला'च्या जागी 'मी' घालून तीच गोष्ट म्हणता येते का बघ. 'मी बघायलोय' म्हणता आलं तर 'आय ॲम लुकिंग'. 'मी ऐकायलोय' म्हणता आलं तर 'आय ॲम लिसनिंग'. नाही म्हणता आलं तर आयएनजी काढ, आणि दिसण्या-ऐकण्याचं असेल तर 'कॅन' घाल.

हेही पूर्ण बंदिस्त नाही. 'मला घाम यायलाय' हे 'मला'चं वाक्य असून 'आय ॲम स्वेटिंग' चोख इंग्रजी आहे. 'डोकं दुखायलंय'ला इंग्रजी दोन्ही रूपं चालवून घेते. अंगाच्या गोष्टींना ती जरा सैल हात लावते. आणि 'आता हळूहळू कळायलंय' याला तर 'आय ॲम अंडरस्टँडिंग इट मोअर अँड मोअर' म्हणता येतं, कारण इथं समज स्थिर नाही, ती वाढते आहे. सरकायला जागा मिळाली, की नाकारणारी क्रियापदंही वाट देतात. फक्त 'मोअर अँड मोअर'सारखी खूण वाक्यात हवी. ती काढली तर वाक्य पुन्हा अवघडतं.

आता वर्गातला सगळ्यांत अडचणीचा प्रश्न. "सर, मग जाहिरातीत कसं?" मॅकडोनाल्ड्सनं 2003 साली आणलेलं 'आय ॲम लव्हिंग इट' हे घोषवाक्य पोरांच्या मोबाईलवर येतं. 'लव्ह' यादीत आहे आणि तरीही जगभर चाललं. मी त्यांना बोलीतच विचारतो. गरम भजी तोंडात आहे, कुणी विचारलं कशी झालीत, तर काय म्हणाल? 'आवडतेत' की 'आवडायलीत'? बहुतेक जण दुसरं म्हणतात. खाणं चालू असेपर्यंतची ती आवड. 'लव्ह'ला असा आत्ताचा, वर-खाली होणारा अनुभव असू शकतो, म्हणून ते ओढून ताणून का होईना, आयएनजीत बसतं. 'नो'ला तशी चव नाही. उत्तर माहीत असण्याचा घास तोंडात घोळत नाही. म्हणून जाहिरातवाल्यांनाही 'आय ॲम नोइंग' विकता येणार नाही.

हा इंग्रजीचा सनातन धर्म आहे असंही समजू नये. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये राजपुत्र पुस्तक वाचत उभा आहे आणि पोलोनियस त्याला काय वाचता म्हणून विचारतो, ते साध्या वर्तमानकाळात. आज तो प्रश्न आयएनजीशिवाय विचारला तर परीक्षेत गुण जातील. आयएनजीचा पसारा गेली चारशे वर्षं वाढतच आला आहे. आज जे नाकारलं जातं ते आणखी शंभर वर्षांनी नाकारलं जाईलच, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

भारतीय इंग्रजीत हा पसारा आधीच पुढं गेला आहे, आणि त्यावर हसणंही जुनं आहे. निसीम इझिकेल यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता अनेकांनी महाविद्यालयात वाचली असेल. निरोप समारंभात भाषण करणारा गृहस्थ जिथं तिथं आयएनजी पेरत जातो, आणि वाचणारा हसतो. इझिकेल मुंबईचे, बेने इस्राएली, ज्या समाजाची घरची भाषा मराठी. तो आयएनजी त्यांच्या कानाला परका नव्हता. मी ती कविता वर्गात घेतो तेव्हा आधी हसू देतो आणि मग म्हणतो, आता यातलं प्रत्येक वाक्य 'करतोय' आणि 'करायलाय'मध्ये लावा. पाचेक मिनिटांत हसू थांबतं आणि वाद सुरू होतात. 'न्हाई सर, इथं बरोबर हाय की!' काही ठिकाणी खरोखरच बरोबर असतं.

तर 'आय ॲम नोइंग द आन्सर' हे चूक की बरोबर? परीक्षेत चूक. मुलाखतीत चूक. लंडनला कुणाशी बोलताना अर्थ कळेल, कान टोचेल. दोन भारतीय माणसांत बोलताना काही बिघडत नाही, पण पोराला नोकरीच्या खोलीत कुठलं इंग्रजी लागणार हे मला ठाऊक आहे, म्हणून मी दुरुस्त करतो. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. माझ्यासारख्यांना ते पाचवीत भेटलं. आजची पोरं दहावी संपवतात तेव्हा दहा वर्षं इंग्रजी शिकलेली असतात, आणि तरी हे एक वाक्य सुटत नाही. कारण दहा वर्षं आपण त्यांना इंग्रजीची यादी दिली, त्यांच्या स्वतःच्या मराठीत ही वाटणी तयार पडलेली आहे हे दाखवलं नाही. एका सराव परीक्षेत तर मी 'ही नोज द आन्सर' हे वाक्य 'चालू वर्तमानकाळ करा' या प्रश्नाखाली छापलेलं पाहिलं होतं. ज्यानं 'ही इज नोइंग' लिहिलं त्याला पूर्ण गुण मिळाले असणार.

शेवटच्या बाकावरच्या पोराचं मात्र अजून राहिलं. त्याला 'आय नो'ची सवय लागली. एका दिवशी जरा अवघड प्रश्न विचारला. त्याचा हात वर आला, पण कोपरापाशीच अडकला. नजर छताच्या पत्र्याकडं, ओठ हलायले होते. मी म्हणालो, "काय रे, येतंय का?"

"थांबा सर," तो म्हणाला, "यायलंय."

'येतंय' असतं तर 'आय नो' झालं असतं. 'यायलंय'ला इंग्रजीत फार जवळचं वाक्य आहे, आयएनजीसकट: 'इट्स कमिंग टु मी'. मी ते फळ्यावर लिहिलं आणि खडू हातात धरून थांबलो. अख्खा वर्ग थांबला. हात अजून कोपरातच होता.